येझदी, मरीन ड्राइव्ह आणि एक बॅनर

सकाळी ९.००
मालवणात भरडावर एका जिन्याखाली एका बॅनर डिझाइन करणारीचं दुकान आहे, आज दिवसभर मी तिच्यासोबत. आठ बाय दहा. एक संगणक, एक छोटा प्रिंटर, लग्नपत्रिकांचे नमुने, आणि भिंतीला टेकवलेल्या फ्लेक्सच्या दोन गुंडाळ्या. मोठं छपाई मशीन इथे नाही, ते कुडाळला. ही फक्त डिझाइन करते, फाइल पाठवते, माल एसटीने येतो. शटर वर केलं की पहिलं काम पंखा लावायचं, दुसरं यूपीएसचा दिवा बघायचं. आज हिरवा आहे.

सकाळी ९.२०
कुंभारमाठचे मेस्त्री येतात. गॅरेजवाले. जुन्या गाड्या उघडून, रंगवून, क्रोम करून पुन्हा उभ्या करतात. आता एक येझदी तयार आहे आणि पर्यटकांचा मोसम सुरू झालाय. त्यांना रस्त्याला लावायला दहा बाय सहाचा बॅनर हवा.

"बाय, गाडी मुंबयच्या रस्त्यार होई. तिन्हीसांजेची. दिवे लागलेले. क्रोम असा झळाळूक होया की..." पुढचं ते हातानेच दाखवतात.

दराची बोलणी दोन मिनिटांत उरकतात. छपाई चौरस फुटाला चौदा रुपये, साठ फुटांचे आठशे चाळीस. डिझाइनचे सहाशे. लाकडी फ्रेम मेस्त्री स्वतः ठोकणार. पाचशे आगाऊ देऊन ते चहाला जातात.

सकाळी ९.४५
गाडीचा फोटो अजून आलेला नाही. तोवर ती चित्र काढणाऱ्या प्रोग्रामला मेस्त्रींचंच म्हणणं इंग्रजीत सांगते. या प्रोग्रामची वर्गणी महिन्याला पावणेदोन हजारांच्या आसपास, म्हणजे तीन बॅनरांची डिझाइन फी.

```
old Yezdi motorcycle, shining chrome, engine detail,
rider, city road at dusk, advertisement
```

मिनिटाभरात चार चित्रं येतात. लांबून बघितली तर पैसे वसूल. आकाश केशरी, रस्ता ओला, गाडी आरशासारखी. मेस्त्री चहा पिऊन परततात, चष्मा कपाळावर सरकवतात, आणि पडद्याला नाक लावतात.

"ही खंयची गाडी? दोन सायलेन्सर बघल्यान, म्हणान सिलिंडर पण दोन काढल्यान."

दोष तिथेच आहे. जुन्या २५० सीसी येझदीला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. एकाच सिलिंडरमधून डावीउजवीकडे दोन नळ्या निघतात. चित्र काढणाऱ्या प्रोग्रामने हजारो गाड्या पाहिल्यात, आणि त्यांत बहुतेक वेळा दोन नळ्या म्हणजे दोन सिलिंडर. त्याने सरासरी काढली. दुसरं, येझदीची किक आणि गिअरचा दांडा एकच, डाव्या बाजूला. चित्रात दोन वेगळे दांडे, तेही उजवीकडे. साडी गार्ड गायब. आपल्याकडे मागचं चाक निम्मं तरी झाकणारं संरक्षण मोटार वाहन नियमातच आहे, पण परदेशी गाड्यांच्या फोटोंत ते कुठून असणार?

चौथं मेस्त्रींनी सांगितलं नाही, तिनेच बोट ठेवून दाखवलं. इंजिनची झाकणं क्रोमची झाली होती. खऱ्या गाडीत ती घासून चकचकीत केलेल्या ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियमची चमक दुधट, पसरट असते. क्रोममध्ये काळं आणि पांढरं शेजारी शेजारी धारदार दिसतं. सगळंच सारखं चमकलं की गाडी खेळण्यातली वाटते.

मेस्त्रींचा निकाल एका वाक्यात. "गिऱ्हाईक येऊन ह्याच गाडीक हात लावतला. बॅनरार पण हीच होई."

मला हा निकाल पटला. गाडी खरी घ्यायची, संध्याकाळ आणि रस्ता तेवढा प्रोग्रामकडून, असं ठरतं.

सकाळी ११.१०
मेस्त्रींचा भाचा फोनवर फोटो पाठवतो. गाडी गॅरेजच्या शेडमध्ये, डाव्या बाजूने. कारण किक डावीकडे आणि त्याला ती दाखवायची हौस. ती फोटो बघते, कागदावर एक रेघ मारते, आणि रेघेच्या पलीकडे 'समुद्र' लिहिते.

मरीन ड्राइव्हवर समुद्र पश्चिमेला. आपण डावीकडून चालवतो. म्हणजे समुद्राच्या कडेची गाडी उत्तरेला, चौपाटीकडे जाणारी. तिच्या मागे समुद्र आणि मावळतं आकाश हवं, तर कॅमेरा पूर्वेला, रस्त्याच्या आतल्या बाजूला. तिथून दिसते गाडीची उजवी बाजू, आणि तोंड चित्रात उजवीकडे. भाच्याने पाठवलेल्या फोटोत तोंड डावीकडे आहे. तोच चिकटवला तर गाडी समुद्राकडच्या रस्त्याने उलटी येताना दिसेल.

"फोटो उलटो करून टाक," भाचा फोनवर सांगतो.

उलटा केला तर किक उजवीकडे जाईल आणि टाकीवरचं नाव आरशातलं होईल. येझदी चालवलेला माणूस ते पहिल्या नजरेत पकडतो, आणि हा बॅनर त्याच माणसासाठी आहे. फोटो पुन्हा काढायचा. संध्याकाळी, उजवीकडून.

दुपारी १२.००
मधल्या वेळेत दोन लग्नपत्रिका, एक वाढदिवसाचा बॅनर, एका मच्छीवालीचं दरपत्रक. दरपत्रकाचे चाळीस रुपये. ती ते हातात घेते, गल्ल्यात टाकत नाही, समोरच्या टपरीवरून वडापाव मागवते.

दुपारी ३.००
आता मागचा रस्ता. पहिल्या प्रयत्नात ती मरीन ड्राइव्हचं नाव टाकते, आणि 'गाड्या नकोत' असं लिहिते. गाड्या येतात. भरपूर, आणि उजवीकडून चालणाऱ्या. या प्रोग्रामला एखादी वस्तू नको म्हटली तरी तो बऱ्याचदा ती काढून ठेवतो, कारण नाव तर घेतलेलं असतं. म्हणून नको ते लिहायचंच नाही, हवं तेवढंच सांगायचं. शहराचं नावही ती काढून टाकते आणि दिसायला काय हवं ते लिहिते.

```
empty asphalt road beside the sea, just after sunset,
low parapet, flat sea horizon, lit hillside far right,
street lamps just switched on, dark blue sky, thin orange
band at horizon, camera two feet above the road
```

शेवटची ओळ सगळ्यात कामाची. क्षितिजाची रेघ नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. कॅमेरा दोन फुटांवर असेल तर समुद्राच्या रेघेने गाडीलाही जमिनीपासून दोन फुटांवरच छेदलं पाहिजे, म्हणजे साधारण इंजिनच्या वरच्या अंगाला. फोटो उभ्याने काढला आणि रस्ता बसून पाहिलेला असला, की गाडी तरंगते. लोकांना नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण 'चिकटवलेली' म्हणतात.

सहावं चित्र ती ठेवते. रुंदी १५३६ ठिपके. दहा फुटांना ते फारच थोडे, पण चौपट मोठं केलं की इंचाला पन्नासच्या आसपास पडतात. मागचा रस्ता तसाही धूसर ठेवायचा आहे, आणि बॅनर लोक वीस फुटांवरून बघतात. चालतं.

संध्याकाळी ५.१५
दुकान शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या भरवशावर टाकून ती स्कूटरने कुंभारमाठला. मी मागे, मांडीवर काळी ताडपत्री. पेट्रोल तिचं.

ताडपत्रीचं कारण पोचल्यावर कळतं. गॅरेजचं अंगण जांभ्याचं, तांबडं. क्रोमला स्वतःचा रंग नसतो, समोर असेल ते तो दाखवतो. सायलेन्सरच्या खालच्या अर्ध्या अंगात लालभडक माती दिसत होती, वर माडाची झावळं. अशी नळी मुंबईच्या डांबरावर ठेवली तर कोणीही हसेल. ताडपत्री गाडीपुढे अंथरली, आणि नळीचा खालचा भाग काळा झाला.

मेस्त्री जुनी गंजी घेऊन क्रोम पुसत बसलेत. सायलेन्सर कोल्हापूरहून नव्याने क्रोम होऊन आले, पण मुडगार्डाच्या कडेला आताच दोन तपकिरी ठिपके. क्रोमचा थर फार पातळ, खाली निकेल, त्याखाली लोखंड. थरात सुईएवढं भोक राहिलं की खारी हवा तिथून आत शिरते. "हयसर क्रोम म्हणजे रोजचा काम," मेस्त्री म्हणतात, आणि गंजी दुसऱ्या बाजूला वळवतात.

संध्याकाळी ५.५०
भाचा हेल्मेट घालून गाडीवर. डबल स्टँडवर मागचं चाक उचललं जातं, म्हणून स्टँड नाही. त्याचा डावा पाय खाली, आपल्याला न दिसणारा. गाडी तिकडे कलते, म्हणून पायाखाली एक चिरा. उजवा पाय फुटरेस्टवर, चवडा ब्रेकजवळ.

बसायला सांगितलं की पोरं छाती काढतात आणि हात ताठ करतात. ती त्याला खांदे सोडायला सांगते, कोपरं किंचित वाकवायला, गुडघे टाकीला टेकवायला. नजर हँडलवर नाही, लांब. सकाळच्या चित्रात स्वार शर्यतीसारखा टाकीवर ओणवा होता. येझदीवर माणूस सरळ बसतो, शेतावर जाताना बसतो तसा.

संध्याकाळी ६.०५
सूर्य गेला. ती खांबाला दिव्यांची माळ बांधते, पण गाडीमागे नाही, कॅमेऱ्यामागे. मला वाटलं होतं क्रोममध्ये केशरी आकाश हवं. ते तर गाडीच्या पाठीमागे आहे. आपल्याकडच्या अंगात दिसणार ते आपल्या पाठीमागचं, म्हणजे मरीन ड्राइव्हवरच्या इमारतींच्या खिडक्या. माळेचे दिवे सायलेन्सरवर ओळीने उमटतात. केशरी फक्त टाकीच्या आणि हेडलाइटच्या वरच्या कडेला, एक दोरा.

फोन दोन फुटांवर, ऑइलच्या डब्यावर टेकवलेला. उजेड पुरेल अशी पंधराएक मिनिटंच मिळतात. आधी आकाश फार उजळ, नंतर गाडी काळी. हेडलाइट लावायला मेस्त्री इंजिन सुरू करतात, निळा धूर पसरतो, तो विरेपर्यंत तीन मिनिटं वाया.

रात्री ८.१५
जेवण डब्यातलं, दुकानातच. गाडी कापून काढायला तास जातो, आणि त्यातला बराचसा चाकांच्या तारांना. प्रत्येक दोन तारांमधून मागचा रस्ता दिसला पाहिजे. मग चाकं फिरल्यासारखी पुसट, इंजिन मात्र जसंच्या तसं स्थिर. टायर टेकतो तिथे गडद सावली, कडा नसलेली, कारण सूर्यास्तानंतर धारदार सावली पडत नाही.

अक्षरं वेगळ्या प्रोग्रामात. चित्र काढणाऱ्याला मराठी लिहायला दिलं तर जोडाक्षरांची बऱ्याचदा वाट लागते. आकाशाच्या निळ्यातला गुलाबी अंश ती कमी करते, नाहीतर फ्लेक्सवर आकाश जांभळं छापतं.

रात्री १०.१०
मेस्त्रींना नमुना जातो. उत्तर येतं, "मुडगार्डाचे ठिपके काढ मगे." ती काढते. मला ते राहायला हवे होते, पण बॅनर माझा नाही.

रात्री १०.३०
फाइल कुडाळला गेली. छपाईवाला फुटाला नऊ घेतो, हिला पाच सुटतात. साठ फुटांचे तीनशे, डिझाइनचे सहाशे, त्यातून पेट्रोल आणि पार्सल वजा. बॅनर उद्या दुपारच्या एसटीने येईल, आणि मेस्त्रींकडून उरलेले नऊशे चाळीस तेव्हा मिळतील.