एका साखळीचोरीत तीन कायदे

एमपीएससीच्या दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) परीक्षेसाठी फौजदारी कायदा वाचणारे बहुतेक जण ठरलेल्या क्रमाने जातात: आधी भारतीय न्याय संहितेची 358 कलमे, मग नागरिक सुरक्षा संहितेची 531, शेवटी साक्ष्य अधिनियमाची 170. हाती चारच महिने असतील तर हा क्रम घातक. साक्ष्य अधिनियम येईपर्यंत न्याय संहिता धूसर झालेली असते. त्यापेक्षा व्याख्या एकदा मूळ कायद्यातून वाचाव्यात आणि मग एकच प्रकरण तिन्ही कायद्यांतून चालवावे.

समजा, बोरिवली स्थानकाबाहेर दुचाकीस्वाराने एका महिलेची सोनसाखळी खेचली. हा कलम 304 चा गुन्हा, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आरोपी पकडल्यावर 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचा. पुढे कलम 187: पोलीस कोठडी एकूण 15 दिवस, पण ती पहिल्या 40 दिवसांत तुकड्यातुकड्यानेही मागता येते. 60 दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो.

आता एकच तपशील बदला. साखळी धरून ठेवणाऱ्या त्या महिलेला आरोपीने ढकलले आणि ती जखमी झाली. चोरीसाठी हेतुतः दुखापत म्हणजे जबरी चोरी, कलम 309(6), शिक्षा जन्मठेपेपर्यंत. लगेच 60 दिवसांचे 90 होतात आणि 40 चे 60. हा धागा लक्षात आला की आकडे वेगळे पाठ करावे लागत नाहीत. कलम ठरवण्यात चूक झाली तर पुढची मुदतही चुकते. उत्तरपत्रिकेत एकाच गफलतीचे गुण दोनदा जातात.

कोठडीत आरोपी म्हणतो, ‘साखळी मीच खेचली आणि पुलाखालच्या पत्र्यामागे लपवली.’ पंचांसमक्ष साखळी तिथे सापडते. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 नुसार यातला लपवल्याचा आणि शोधाशी थेट जोडलेला भागच पुराव्यात येतो, ‘मीच खेचली’ गळते. प्रिव्ही कौन्सिलचा 1947 चा पुलुकुरी कोट्टया निवाडा इथेच वाचावा, स्वतंत्र यादीतून नव्हे. स्थानकाच्या सीसीटीव्हीची प्रत द्यायची, तर कलम 63(4) चे प्रमाणपत्र हवे.

20 मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. त्यामुळे बोरिवली, अंधेरी किंवा मुलुंडच्या न्यायालयात रिमांडचे काम ऐकायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. तपास अधिकारी कोठडीसाठी कोणते कारण देतो आणि दंडाधिकारी काय विचारतात, ते टिपून घ्यावे.

शेवटी तारीख बदलून पाहा. तीच साखळी 30 जून 2024 ला खेचली असेल, तर भारतीय दंड संहिता लागू, आणि तिच्यात हिसकावणीचा वेगळा गुन्हाच नाही. म्हणून 379, आणि दुखापत असेल तर 394. जुन्या-नव्या कलमांचा तक्ता पाठ करणारे इथेच अडतात, कारण 304 समोर लिहायला तक्त्यात जुने कलम सापडत नाही.