ग्राहकाच्या चॅनेलमधील ‘हो’ला कंपनीचा शब्द कधी मानले जाते?

सॉफ्टवेअर आणि सेवा क्षेत्रातील कंपन्या व त्यांचे ग्राहक यांच्यातील दैनंदिन संवाद गेल्या काही वर्षांत ई-मेलवरून सामायिक चॅनेलकडे वळला आहे. स्लॅकने २०२० मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना एकाच चॅनेलमध्ये आणणारी ‘स्लॅक कनेक्ट’ ही सोय सुरू केली. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्येही तशी व्यवस्था आहे, तर लहान व्यवसायांत हेच काम व्हॉट्सॲपचा गट करतो. ई-मेल पाठवण्यापूर्वी तो कोणाच्या नावाने जाणार याचा विचार होत असे. चॅनेलमध्ये मात्र प्रकल्पावरील सर्वांत नवा अभियंताही दोन शब्दांत उत्तर देतो आणि ग्राहक ते कंपनीचे उत्तर म्हणून वाचतो.

यातून नेमके काय घडते, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. पुण्यातील एक कंपनी बोस्टनमधील ग्राहकासाठी विक्रीचे अहवाल तयार करते. जुलैमधील एका गुरुवारी भारतीय वेळेनुसार सायंकाळी साडेसहा वाजता, म्हणजे बोस्टनच्या सकाळी नऊला, ग्राहकाचा संदेश येतो : ‘कालच्या अहवालातील बेरीज जुळत नाही. शिवाय कराचा वेगळा रकाना हवा आहे. सोमवारपर्यंत होईल का?’ घरी निघालेला अभियंता उत्तर देतो : ‘हो, सोमवारपर्यंत करतो.’

वरकरणी हे तत्पर आणि सौजन्यपूर्ण उत्तर आहे. वस्तुतः ग्राहकाच्या संदेशात दोन भिन्न मागण्या आहेत. बेरीज चुकणे हा दोष असून तो दुरुस्त करणे मूळ करारातच येते. कराचा रकाना हे नवे काम आहे. त्यासाठी वेळेचा अंदाज, दर आणि मंजुरी लागते. एका ‘हो’ने हा भेद पुसला गेला. पुढे कंपनीने नव्या कामाचे तीन दिवसांचे देयक पाठवले, तर ग्राहक हाच संदेश पुढे करील आणि त्याला दोष देता येणार नाही.

भारतीय कायदाही अशा संदेशाकडे दुर्लक्ष करत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार करार केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून निरर्थक ठरत नाही. ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदान्त ॲल्युमिनियम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ई-मेलच्या देवाणघेवाणीतून झालेला करार ग्राह्य धरला होता. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम २३७ तर थेट या प्रश्नाला भिडते. प्रतिनिधीला अधिकार नसतानाही, तो आहे असा समज कंपनीनेच आपल्या शब्दांतून किंवा वर्तनातून त्रयस्थाच्या मनात निर्माण केला असेल, तर कंपनी त्या कृतीने बांधली जाते. अभियंत्याला चॅनेलमध्ये बसवणे आणि त्याच्या आश्वासनांनुसार महिनोन्‌महिने काम करत राहणे, हे असे वर्तन आहे, असा युक्तिवाद ग्राहक करू शकतो. अर्थात प्रत्येक ‘हो’ म्हणजे करार नव्हे. शब्द पुरेसे निश्चित आहेत का आणि बांधील होण्याचा हेतू होता का, हे पाहिले जाते. बदल केवळ स्वाक्षरीसह लेखी करता येतील अशी अट अनेक करारांत असते आणि परदेशी ग्राहकाशी झालेल्या कराराला बहुधा परदेशी कायदा लागू होतो. तरीही प्रकरण न्यायालयापर्यंत जाण्याच्या कितीतरी आधी, देयकाच्या चर्चेतच त्या एका ओळीची किंमत मोजावी लागते.

म्हणून अनुभवी व्यवस्थापक चॅनेलमधील उत्तरांचे तीन प्रकार वेगळे ठेवतात : पोच, माहिती आणि शब्द. पोच कोणीही द्यावी. माहिती ज्याला ती ठाऊक आहे त्याने द्यावी. तारीख, दर, कामाची व्याप्ती आणि दोष कोणाचा याविषयीचा शब्द मात्र एकाच नियुक्त व्यक्तीने द्यावा. ती रजेवर असेल तर तिच्या पर्यायी व्यक्तीने. ही दोन नावे चॅनेलच्या वर्णनात लिहिलेली असावीत, म्हणजे ग्राहकालाही ती दिसतात. वरील प्रसंगी अभियंत्याने एवढेच लिहिणे उचित ठरले असते : ‘संदेश मिळाला. बेरजेची तपासणी सुरू केली आहे. त्याविषयी उद्या, शुक्रवारी, बोस्टनच्या सकाळी नऊपर्यंत कळवतो. कराच्या रकान्याचा अंदाज आमच्या प्रकल्प व्यवस्थापक देतील.’ या उत्तरात नकार नाही आणि वचनही नाही. पुढचा निरोप केव्हा व कोणाकडून येणार, हे मात्र निश्चित आहे.

‘हो’ या शब्दाची आणखी एक अडचण खास भारतीय आहे. आपल्याकडे ‘हो’ म्हणजे अनेकदा ‘ऐकले’ एवढेच असते; अमेरिकी ग्राहक त्याचा अर्थ ‘मान्य’ असा घेतो.

प्रतिसादाच्या वेळेबाबतही असाच गोंधळ होतो, कारण पहिले उत्तर आणि प्रत्यक्ष निराकरण या दोन वेगळ्या मुदती आहेत. कामाच्या वेळेत अर्ध्या तासात पोच आणि दोषाच्या गांभीर्यानुसार निराकरण, अशी विभागणी व्यवहार्य ठरते. सेवा करारातील घड्याळ बहुधा तक्रार नोंदवल्यापासून सुरू होते, चॅनेलमधील संदेशापासून नव्हे. त्यामुळे संदेश येताच तक्रार प्रणालीत नोंद करून तिचा क्रमांक त्याच संदेशाखाली लिहिणे दोन्ही बाजूंच्या हिताचे असते. ‘उद्या सकाळी’ असे मोघम न लिहिता कोणत्या शहराची सकाळ ते लिहावे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, भारतात जात नाहीत. साडेनऊ तासांचे अंतर साडेदहा होते आणि बोस्टनचे नऊ म्हणजे पुण्याचे साडेसात होतात. चॅनेलच्या वर्णनातील वेळा त्या आठवड्यात बदलल्या नाहीत, तर ग्राहकाचा पहिला संदेश कार्यालय रिकामे झाल्यावर येतो.

रात्री अकराला उत्तर देण्याची हौसही महागात पडते. दोनदा तसे झाले की तिसऱ्या वेळी ते न आल्यास ती दिरंगाई ठरते. रात्री सुचलेले उत्तर सकाळी जाण्यासाठी लावून ठेवण्याची सोय स्लॅकमध्ये आहे.

स्वरासंबंधी बोलायचे तर मुख्य पथ्य हे की, व्यक्तीविषयी न लिहिता वस्तुस्थितीविषयी लिहावे. ‘तुम्ही चुकीची फाइल पाठवली’ याऐवजी ‘फाइलमध्ये १२ तारखेच्या नोंदी दिसत नाहीत’ हे वाक्य अधिक अचूक आहे, कारण नोंदी कोठे गळाल्या हे तोवर ठाऊक नसते. याच कारणास्तव घाईने मागितलेली क्षमाही टाळावी. गैरसोयीबद्दल खेद जरूर व्यक्त करावा, कारण मात्र तपासानंतर सांगावे. `@channel` लिहिल्यास चॅनेलमधील सर्वांना सूचना जाते, `@here` ने त्या क्षणी सक्रिय असलेल्यांनाच. ग्राहकाच्या संचालकांना किरकोळ प्रश्नासाठी जागे करणारा संदेश दीर्घकाळ लक्षात राहतो. दोन मराठी सहकाऱ्यांनी ग्राहकासमोर आपसांत मराठीत बोलणे हे काही लपवल्यासारखे दिसते. शिवाय पलीकडे मराठी जाणणारे कोणी नसेलच असे नाही.

आपसांतील चर्चेसाठी वेगळे अंतर्गत चॅनेल असतेच, आणि सर्वाधिक नामुष्कीचे प्रसंग या दोहोंच्या सारख्या नावांमुळे ओढवतात. म्हणून अनेक कंपन्या बाहेरच्या चॅनेलच्या नावाआधी `ext-` लावतात. चुकीच्या जागी गेलेला संदेश काढून टाकता येतो, पण तोवर ग्राहकाच्या फोनवर उमटलेली सूचना वाचून झालेली असू शकते. अशा वेळी नियुक्त व्यक्तीने ‘वरील संदेश आमच्या अंतर्गत चर्चेतील होता, तो अंतिम मत नाही; आमची भूमिका आज सायंकाळी सहापर्यंत कळवतो’ असे लिहावे आणि सहाच्या आत ती कळवावी.