अप्रेझलपूर्वी स्वतःच्या कामाचा हिशेब

स्वमूल्यमापनाचा मेल अप्रेझलच्या बैठकीआधी वरिष्ठांकडे जातो. एप्रिल ते मार्च असे वर्ष धरणाऱ्या कंपन्यांत तो साधारण मार्च-एप्रिलमध्ये लिहिला जातो. वरिष्ठ त्यातलीच वाक्ये पुढे रेटिंग ठरवणाऱ्या बैठकीत मांडतात, आणि तिथे लिहिणारा हजर नसतो. म्हणून प्रत्येक वाक्य दुसऱ्याच्या तोंडूनही टिकले पाहिजे.

अकाउंट्स विभागात पुरवठादारांची बिले तपासणाऱ्या कर्मचाऱ्याचे उदाहरण घेऊ. ‘वर्षभर अथक मेहनत घेऊन बिलांच्या कामात उत्कृष्ट सुधारणा केली’ या वाक्यात बढाई आहे आणि माहिती काहीच नाही. तेच असे लिहिता येते: ‘एप्रिल ते जून या काळात महिन्याला सुमारे ४०० बिले येत आणि त्यांतली ६०च्या आसपास परत पाठवावी लागत. बहुतेकांवर पर्चेस ऑर्डरचा नंबर नसे. जुलैत मी पुरवठादारांसाठी एका पानाची तपासणी यादी तयार केली. जानेवारी ते मार्चमध्ये तेवढ्याच बिलांपैकी महिन्याला सुमारे २० परत गेली.’ इथे आधीची स्थिती, केलेले काम, नंतरची स्थिती आणि काळ हे चारही आले. सुधारणा मोठी की लहान, हे वाचणारा स्वतः ठरवतो. बढाईचा वास येतो तो बहुधा विशेषणांमुळे. आकडा कितीही चांगला असला तरी तो नुसता मांडला तर खटकत नाही.

‘परत जाणारी बिले ६७ टक्क्यांनी घटली’ हेही खरेच आहे. पण मूळ संख्या दिली नाही, तर ६ची २ झाली की ६०ची २० हे कळत नाही, आणि बैठकीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

सर्वांत नाजूक भाग श्रेयाचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विभागात नवे सॉफ्टवेअर आले असेल, तर घट केवळ यादीमुळे झाली असे म्हणता येत नाही. तेव्हा ‘सप्टेंबरपर्यंत, म्हणजे सॉफ्टवेअर येण्याआधीच, हा आकडा ३५वर आला होता, पुढच्या घटीत सॉफ्टवेअरचाही वाटा आहे’ असे लिहावे. पुरवठादारांना फोन करून यादी समजावणाऱ्या सहकाऱ्याचे नावही तिथेच घ्यावे. ‘आम्ही केले’ एवढेच लिहिले तर स्वतःचा वाटा दिसत नाही. सगळीकडे ‘मी’ लिहिले तर विभागातल्या इतरांच्या मेलशी ते जुळत नाही आणि विश्वास जातो.

अशी तीन-चार कामे पुरेत. राहून गेलेले एखादे कामही त्याच पद्धतीने यावे: किती ठरले होते, किती झाले, कशामुळे अडले, आता तारीख कोणती.

वर्षभर नोंद ठेवली नसेल, तर जुने मेल आणि महिन्याचे रिपोर्ट पाहून आकडे काढता येतात. जिथे अंदाजच आहे तिथे ‘सुमारे’ लिहावे आणि आकडा कुठल्या रिपोर्टमधला, हे कंसात नोंदवावे.