प्रवेशपत्रे हाती आल्यानंतरचा महिना

आमच्या शाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेल्या पिढीची मुले आता अमेरिकेतील पदवी अभ्यासक्रमांसाठीही अर्ज करू लागली आहेत. अर्ज कसा करावा, याची माहिती त्यांना बहुधा असते. मार्चअखेर उत्तरे आल्यापासून १ मेपर्यंतच्या चार-पाच आठवड्यांत काय करावे, हे मात्र पालकांना सांगणारे कोणी नसते. तेथील बहुतेक महाविद्यालये विद्यार्थ्याचा होकार १ मेपर्यंत मागतात. या लेखात आम्ही तेवढ्याच काळाचा विचार करीत आहोत.

एक उदाहरण घेऊ. एका विद्यार्थिनीला दोन महाविद्यालयांनी प्रवेश दिला आणि तिसऱ्या, अधिक नामांकित महाविद्यालयाने तिला प्रतीक्षा यादीत ठेवले. पहिल्याची शिष्यवृत्ती वर्षाला ३०,००० डॉलर, दुसऱ्याची २४,०००. घरात आनंद झाला तो पहिल्या पत्राचा. परंतु तुलना शिष्यवृत्तीची करावयाची नसते. ती वजा जाता उरणाऱ्या रकमेची करावयाची असते. शिक्षणशुल्क, निवास, भोजन, आरोग्य विमा, पुस्तके आणि प्रवास असा सगळा खर्च धरला, तर पहिल्याचा वार्षिक खर्च ६२,००० आणि दुसऱ्याचा ४४,००० डॉलर होतो. म्हणजे घरातून किंवा कर्जातून उभे करावयाचे ते पहिल्यासाठी ३२,००० आणि दुसऱ्यासाठी २०,०००.

दुसऱ्या पत्रात 'आवारातील काम' म्हणून आणखी २,५०० डॉलर दाखविलेले होते. ती रक्कम आम्ही मुद्दाम वजा केलेली नाही. ते वेतन आहे. काम मिळाल्यावर आणि केल्यावरच ते हाती पडते, सत्राच्या आरंभीचे शुल्क त्यातून भरता येत नाही.

यापुढचा हिशेब बहुतेक घरांत होतच नाही. शिष्यवृत्तीची रक्कम पुष्कळदा चारही वर्षे तीच राहते, खर्च मात्र दरवर्षी वाढतो. वाढ ४ टक्के धरली, तर दुसऱ्या महाविद्यालयासाठी घरावर येणारे २०,००० चौथ्या वर्षी सुमारे २५,५०० होतात. चार वर्षांची बेरीज ८०,००० न राहता सुमारे ९१,००० होते. पहिल्याची हीच बेरीज १,४३,००० च्या आसपास जाते. शिष्यवृत्ती टिकविण्यासाठी किती गुण राखावे लागतात, तेही पत्रात शोधावे; ते नसेल तर लेखी विचारावे. घरची परिस्थिती अर्जानंतर बिघडली असेल, तर कागदपत्रांसह मदतीच्या फेरविचाराची विनंती करता येते. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

आता डिपॉझिट. आपल्याकडे या शब्दाने परत मिळणारी अनामत डोळ्यांसमोर येते. ही तशी नव्हे. ही प्रवेशनिश्चितीची रक्कम बहुधा काहीशे डॉलर असते. प्रवेश घेतल्यास ती सामान्यतः शुल्कात वळती होते, न घेतल्यास बुडते. ती एकाच ठिकाणी भरावी. दोन ठिकाणी भरून निर्णय पुढे ढकलणे तेथे गैर मानले जाते आणि उघड झाल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो. रक्कम भरणे खरोखर जड जात असेल, तर माफीसाठी मुदतीपूर्वी विनंती करावी.

१ मे हा आपला महाराष्ट्र दिन, बँका बंद. परदेशी पैसे पोहोचावयास काही दिवस लागतात, आणि वाटेतील बँकेने आपले शुल्क कापले तर पलीकडे रक्कम कमी जमा होते. म्हणून हे काम २० एप्रिलच्या सुमारासच उरकावे व पावती जपून ठेवावी. १४ एप्रिलचीही सुट्टी असते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

आणि प्रतीक्षा यादी? तेथे नाव आपोआप राहत नाही. राहावयाचे असल्यास तसे कळवावे लागते. सोबत एक लहानसे पत्र पाठवावे: प्रवेश मिळाल्यास नक्की येणार का, अर्जानंतर काय नवे घडले, एवढेच. तीच ती पत्रे वारंवार धाडू नयेत. अनेक महाविद्यालये 'कॉमन डेटा सेट' नावाचे वार्षिक विवरण प्रसिद्ध करतात. यादीत किती जण राहिले आणि त्यांतून किती घेतले गेले, हे त्यात सापडते. एखाद्या वर्षी घेतलेल्यांची संख्या शून्यही असते. म्हणून यादीत नाव असतानाही १ मेपूर्वी दुसरीकडे रक्कम भरणे आवश्यकच आहे.

आमच्या उदाहरणातील विद्यार्थिनीने दुसऱ्या महाविद्यालयात रक्कम भरावी आणि यादीतही राहावे; त्यात काही गैर नाही. जूनमध्ये बोलावणे आलेच, तर उत्तरासाठी मोजकेच दिवस मिळतील. त्या दिवसांत पहिला प्रश्न शिष्यवृत्तीचा विचारावा, कारण तोवर मदतीचा निधी पुष्कळदा वाटून संपलेला असतो. दुसरा प्रश्न व्हिसाचा. व्हिसासाठी लागणारा 'आय-२०' हा दस्तऐवज महाविद्यालयागणिक वेगळा असतो. नव्या ठिकाणचा तो येईपर्यंत आणि मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत ऑगस्ट उजाडू शकतो. शिष्यवृत्तीचे लेखी उत्तर येईपर्यंत आधीचा प्रवेश सोडू नये.