मंचामागच्या सात ओळी

पत्रिकेत एखाद्याचं नाव राहिलं, तर नवी पत्रिका छापता येते. भाषणात राहिलं, तर सूत्रसंचालक दहा मिनिटांनी ते पुन्हा घेतो आणि वेळ मारून नेतो. मंचामागच्या फलकावर मात्र ही सोय नाही. तो कार्यक्रमभर सगळ्यांच्या डोक्यामागे उभा असतो, प्रत्येक फोटोत येतो आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर छापूनही येतो. कार्यक्रमानंतरचे निम्मे रुसवेफुगवे म्हणूनच या एका फ्लेक्सभोवती फिरतात.

आयोजक सहसा दोन दिवस आधी फ्लेक्सवाल्याकडे नावांची यादी घेऊन जातात आणि 'सगळी बसवा' म्हणतात. तो बिचारा बसवतोही. चौदा नावं, सहा फोटो, नऊ बोधचिन्हं आणि खाली 'स्वागतोत्सुक' म्हणून आणखी अकरा जण. पाचव्या रांगेतून यातलं काहीच वाचता येत नाही. आपलं नाव कुठे आहे, हे मात्र ज्याला त्याला बरोबर दिसतं.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन आहे. पालकमंत्र्यांनी येण्याचं कबूल केलं आहे. खासदार आहेत, स्थानिक आमदार आहेत, विधान परिषदेचे एक आमदार आहेत, नगराध्यक्षा आहेत. पद्मश्री मिळालेले एक ज्येष्ठ लेखक आहेत आणि जागा दान करणारं कुटुंब आहे. खर्चाला हातभार लावणाऱ्यांत एक पतसंस्था, एक सराफ, दूध संघ, बियाण्यांचं दुकान आणि फुकट मंडप घालून देणारा मंडपवाला.

मानापमानाचा विचार करण्याआधी थोडा हिशेब करावा. फलक वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच आहे, त्याची खालची कड मंचाला टेकलेली आहे. खुर्च्यांवर माणसं बसली की खालचे चार फूट झाकले जातात, म्हणजे सतत दिसणारा भाग वरच्या सहा फुटांचा, 72 इंचांचा. शेवटची रांग 60 फुटांवर आहे. दर दहा फुटांच्या अंतराला एक इंच अक्षर, असा फलक रंगवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने अक्षर सहा इंचांचं हवं. वेलांट्या, उकार आणि दोन ओळींतली मोकळी जागा धरली, तर एका ओळीला दहा इंच लागतात. 72 इंचांत सात ओळी बसतात.

वाचनालयाच्या नावाला एक ओळ, कार्यक्रमाच्या नावाला दोन, तारीख-वेळ-स्थळाला एक. उरल्या तीन. याचा अर्थ मंचामागच्या फलकावर तीन नावांची जागा आहे, चौथ्याची नाही. चौथं घालायचं, तर पहिल्या तिघांची अक्षरं लहान करावी लागतात. समितीच्या बैठकीत हा हिशेब कागदावर मांडला, की चर्चेचा सूरच बदलतो. 'साहेबांचं नाव का नाही' या प्रश्नाला 'सगळ्यांचीच नावं पत्रिकेत आहेत, फलकावर तीनच भूमिका आहेत' असं उत्तर देता येतं, आणि ते खरंही असतं.

हे उत्तर तोलून धरतो तो 'भूमिका' हा शब्द. नावं मानाच्या क्रमाने लावायला घेतली की प्रत्येक जागा भांडणाची होते, कारण मानाचं माप प्रत्येकाच्या मनात वेगळं असतं. कामाच्या क्रमाने लावली, तर एका ओळीत एक काम आणि एका कामाला एक माणूस. उद्घाटन कुणाच्या हस्ते, अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख पाहुणे कोण, एवढंच ठरवायचं. खरा धोका 'प्रमुख उपस्थिती' या मथळ्यात आहे. तिथे कुणाला काहीच काम नसतं, म्हणून तिथे फक्त क्रमच वाचला जातो.

आपल्या उदाहरणात उद्घाटक म्हणून पालकमंत्री येणार हे उघड आहे. पेच आहे तो खासदार आणि आमदारांचा. राष्ट्रपती सचिवालयाने 1979 मध्ये जाहीर केलेल्या मानक्रमाच्या तक्त्यात राज्याचे कॅबिनेट मंत्री आपल्या राज्यात 15व्या क्रमांकावर आहेत आणि खासदार 21व्या. आमदारांना त्या तक्त्यात जागाच नाही. शिवाय हा तक्ता राजकीय आणि औपचारिक समारंभांसाठी आहे, रोजच्या कारभारासाठी नाही, असं त्यातच म्हटलेलं आहे. वाचनालयाने तो जसाच्या तसा पाळावा अशी सक्ती कुणी करत नाही. पण वाद झालाच तर बोट ठेवायला जागा असते. मंत्री येणार असतील, तर जिल्हाधिकारी कार्यालयात राजशिष्टाचाराचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला मसुदा आधी दाखवलेला बरा.

त्या आधारावर अध्यक्षस्थान खासदारांकडे जातं. मग आमदार? समजा, इमारतीतलं ग्रंथदालन त्यांच्या स्थानिक विकास निधीतून उभं राहिलं आहे. तेव्हा ग्रंथदालनाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते, आणि दालनाच्या दाराशी त्यांच्या एकट्याच्या नावाचा वेगळा फलक. तिथे त्यांचा फोटो निघतो आणि त्या फोटोत दुसरं कुणाचंही नाव नसतं. अनेक ठिकाणी अध्यक्षस्थान स्थानिक आमदारांना देण्याची रीत आहे. तसं केलं, तर दालन खासदारांना द्यावं. दोन्ही मांडण्यांचं समर्थन करता येतं. दोघांना 'प्रमुख उपस्थिती'त एकाखाली एक लिहिणं मात्र कुठल्याच बाजूने टिकत नाही. आणि जे काही ठरेल ते फलक छापायला जाण्याआधी दोघांच्याही कानावर घातलेलं असावं. फलक पाहून कळणं आणि फोनवर कळणं यांत फार फरक पडतो.

तिसरी ओळ लेखकांची. इथे बहुतेक आयोजक एक ठरलेली चूक करतात आणि 'पद्मश्री अमुक तमुक' असं लिहितात. पद्म पुरस्कार हा किताब नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या निकालात तो नावाच्या आधी किंवा नंतर जोडू नये असं म्हटलं, आणि पत्रिका, फलक, पत्रशीर्ष यांवर तसं लिहू नये अशी सरकारचीही सूचना आहे. 'ज्येष्ठ साहित्यिक' एवढं पुरतं. पुरस्काराचा उल्लेख सूत्रसंचालकाने परिचयात करावा, तिथे तो खुलतोही. राज्यपालांसारख्या पाहुण्यांच्या नावाआधी 'महामहिम' लिहिण्याची सवयही अजून गेलेली नाही. राष्ट्रपती भवनाने 2012 मध्येच हे संबोधन मागे टाकून 'माननीय' पुरेसं मानलं आहे.

नगराध्यक्षा आणि विधान परिषदेचे आमदार या तीन ओळींत नाहीत. आमदारांना लेखकांच्या सत्काराचं काम देता येतं, नगराध्यक्षांना दात्या कुटुंबाच्या सत्काराचं. हे पत्रिकेत त्यांच्या नावासह छापता येतं. नगराध्यक्षांचं नाव लिहिताना 'सौ.' की 'श्रीमती' हे त्यांनाच विचारावं. मराठीत या दोन अक्षरांनी बाईचं अख्खं खासगी आयुष्य फलकावर येतं आणि चुकलं तर जखम खोल होते. 'मा.' आणि पद लिहिलं की प्रश्नच मिटतो. पदावर बाई आणि फलकावर तिच्याहून मोठा फोटो नवऱ्याचा, हा प्रकार मात्र गावोगाव दिसतो. त्याला नजरचूक म्हणता येत नाही.

जागा देणाऱ्या कुटुंबाचं काय? त्यांचं नाव फ्लेक्सवर नकोच. ते इमारतीच्या दगडावर जातं. फ्लेक्सचं आयुष्य आठवड्याचं असतं, पुढे तो कुणाच्या तरी गोठ्यावर किंवा कडब्याच्या गंजीवर पावसाळा काढतो. महापुरुषांच्या प्रतिमा फ्लेक्सवर छापण्याआधीही हे ध्यानात घ्यावं. मंचावर फ्रेममधली प्रतिमा ठेवून हार घालणं अधिक बरं.

आता प्रायोजक. त्यांना मान्यवरांच्या ओळींपासून पूर्ण वेगळं काढावं आणि मंचाच्या दोन्ही बाजूंना उभ्या फलकांवर न्यावं. तिथला क्रम रकमेने लागतो, पण तो पैसे घेतानाच कागदावर ठरलेला हवा. पतसंस्था मुख्य प्रायोजक, सराफ आणि दूध संघ सहप्रायोजक, बियाण्यांचं दुकान 'सौजन्य'. मंडपवाल्याची रक्कम मोजत बसू नये. त्याला 'मंडप सौजन्य' अशी स्वतःची ओळ द्यावी. कुणाशी तुलनाच होत नाही.

समान रक्कम देणाऱ्यांना अकारविल्हे लावतात आणि खाली तसं बारीक अक्षरात लिहितात. तिथेही एक खोच आहे. 'क्षीरसागर' पतसंस्था असेल, तर शाळेतल्या मुळाक्षरांप्रमाणे ती सगळ्यांत शेवटी येते. संगणकाने यादी लावली, तर ती 'कोल्हे'नंतर आणि 'खरे'च्या आधी येते. कोणता नियम धरला ते आधी ठरवलं, म्हणजे क्षीरसागर कुटुंबाला आपल्याला मुद्दाम खाली टाकलं असं वाटत नाही.

बोधचिन्हांच्या आकारावरून होणारी तक्रार बहुधा खरी असते. फ्लेक्सवाला सगळ्या चिन्हांची उंची एक फूट ठेवतो आणि समान वागणूक दिली असं समजतो. पण सराफाचं चिन्ह आडवं लांबट असेल, तर ते चार फूट बाय एक फूट, म्हणजे चार चौरस फूट जागा खातं. दूध संघाचं चौकोनी चिन्ह एक बाय एक, म्हणजे एकच चौरस फूट. पैसे सारखे आणि जागा चौपट. उपाय सोपा आहे. उंची सारखी न ठेवता क्षेत्रफळ सारखं ठेवावं, म्हणजे चौकोनी चिन्ह दोन बाय दोन करावं.

राहिले 'स्वागतोत्सुक'. ही यादी म्हणजे आयोजकांनी स्वतःच्या कार्यक्रमात स्वतःचंच केलेलं स्वागत. 'वाचनालयाचे अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सर्व सभासद' ही एक ओळ प्रवेशकमानीवर पुरते. ज्यांना नाव हवं असतं ते थोडे दिवस कुरकुरतात, पण कुणाचंच नाव नसल्याने भांडणाला जोडीदार मिळत नाही.

छपाईआधीचं वाचन घाईत उरकलं जातं. मोबाइलवरचा युनिकोड मजकूर फ्लेक्सवाल्याच्या जुन्या फॉन्टमध्ये गेला, की 'कऱ्हाड'मधला अर्धा र हरवतो आणि जोडाक्षरं फुटतात. मसुदा लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्याने तो मोठ्याने वाचावा. प्रत्येक नाव त्या माणसाच्या सहीशी किंवा त्याच्या कार्यालयाशी ताडून पाहावं, आडनावातला 'ल' की 'ळ' तिथेच कळतो.

पालकमंत्र्यांचा दौरा आदल्या रात्री रद्द झाला तर काय, याची तरतूदही आधीच करता येते. नावांच्या तीन ओळी मुख्य फलकावर न छापता तीन वेगळ्या पट्ट्यांवर छापायच्या आणि खाली वेल्क्रो लावायचं. बदल झाला तर वीस फुटांची एक पट्टी रात्रीत छापून येते. जुन्या नावावर पांढरा कागद चिकटवून उद्घाटन उरकण्याची वेळ येत नाही.