यादीत आपला धंदाच नसेल तर?

एक गृहिणी घरी गोडा मसाला आणि चकल्या करून विकते, शिवाय दुपारचे डबेही देते. तिला ‘उद्यम’ नोंदणी करायची आहे. अर्जात व्यवसाय निवडायची यादी उघडते, पण मसाला, चकली आणि डबा हे सारे एकत्र सामावणारे नाव तिथे सापडत नाही. अशा वेळी अनेक जण शोधपट्टीत ‘food’ टाइप करतात आणि समोर येणारा पहिलाच पर्याय निवडतात. चुकीची नोंद बहुधा इथेच होते.

ही यादी म्हणजे राष्ट्रीय उद्योग वर्गीकरण, 2008. ते वरून खाली वाचायचे असते: आधी दोन आकडी विभाग, मग चार आकडी वर्ग, शेवटी पाच आकडी उपवर्ग. विभाग 10 खाद्यपदार्थांच्या उत्पादनाचा आहे, तर 56 खाद्यसेवेचा. मसाला आणि चकली 10 मध्ये येतात, डबे 56 मध्ये. म्हणजे या गृहिणीचे धंदे दोन आहेत, आणि अर्जात एकापेक्षा जास्त कोड जोडता येतात.

मुख्य व्यवसाय मात्र एकच सांगायचा असतो. तो नुसत्या विक्रीवरून ठरवू नये. समजा, वर्षभरात डब्यांची विक्री 3 लाख रुपये झाली आणि किराणा, भाजी, गॅस यांवर 2 लाख 10 हजार गेले. मसाला-फराळाची विक्री 2 लाख 40 हजारच झाली, पण साहित्याला 1 लाख 20 हजार लागले. डब्यांतून 90 हजारांची भर पडली, मसाल्यातून 1 लाख 20 हजारांची. वर्गीकरणाच्या तत्त्वानुसार ज्या कामातून जास्त मूल्य निर्माण होते, ते मुख्य. म्हणून इथे मुख्य व्यवसाय उत्पादन.

आता चकलीचे नाव कुठेच नसले तर? बऱ्याच वर्गांत शेवटी एक ‘इतर’ असतो, त्याच्या नावापुढे ‘n.e.c.’ लिहिलेले दिसते. इतरत्र न बसणाऱ्या कामांसाठीच तो ठेवलेला आहे, त्यामुळे तो निवडण्यात काही गैर नाही. अट एवढीच, की तो योग्य विभागातला हवा. 1079 हा ‘इतर खाद्यपदार्थांचे उत्पादन’ वर्ग चकलीला चालतो. सेवाविभागातला ‘इतर’ चालत नाही.

आपण माल विकतो म्हणून ‘व्यापार’ निवडणे ही आणखी एक नेहमीची चूक. स्वतः बनवलेला माल विकणे हे उत्पादनच. दुसऱ्याचा तयार माल आणून विकला तर तो व्यापार. हा फरक महागात पडू शकतो, कारण किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणीचा लाभ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच मिळतो.

प्रमाणपत्र हाती आले की त्यावरचे कोड आणि मुख्य व्यवसाय नीट वाचा. चूक आढळली तर udyamregistration.gov.in या सरकारी संकेतस्थळावर दुरुस्ती करता येते. नोंदणी आणि दुरुस्ती, दोन्ही मोफत आहेत. त्यासाठी शुल्क मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.