जाहिरात ज्येष्ठांशी बोलते की ज्येष्ठांविषयी?

१९५५ साली अमेरिकेतल्या हाइन्झ कंपनीने ‘सीनियर फूड्स’ नावाचे डबाबंद जेवण बाजारात आणले. दात गेलेली, चावायला त्रास होणारी वयस्क माणसे दुकानातून तान्ह्या बाळांसाठीचे मऊ अन्न स्वतःसाठी विकत घेतात, हे कंपनीने पाहिले होते. मग त्यांच्यासाठीच वेगळे मऊ जेवण का करू नये, असा सरळ विचार त्यामागे होता. निरीक्षण खरे होते, गरजही खरी होती, तरी डबे खपले नाहीत आणि कंपनीला ते बंद करावे लागले. वृद्धत्व आणि बाजारपेठ यांचे अभ्यासक जोसेफ कॉफलिन यांनी आपल्या पुस्तकात या फसलेल्या प्रयोगाची कहाणी सांगितली आहे. बाळाचा खाऊ घेताना ‘नातवासाठी नेतोय’ असे म्हणता येते. ‘सीनियर’ असे छापलेला डबा गल्ल्यावर ठेवला, की आपल्याला चावत नाही हे रांगेतल्या सगळ्यांना कळते.

याच्या अगदी उलट गोष्ट १९९० सालची. सॅम फार्बर या उद्योजकाच्या पत्नीला संधिवातामुळे सोलाणे धरताना त्रास व्हायचा. त्यावरून ‘ऑक्सो गुड ग्रिप्स’ ही स्वयंपाकघरातल्या साधनांची मालिका निघाली. जाड, मऊ रबराची मूठ, अंगठा टेकवायला लवचीक खाचा, ओल्या हातातूनही न निसटणारी. मूठ दुखऱ्या बोटांचा विचार करून घडवलेली होती, पण विकताना ती ‘संधिवाताच्या रुग्णांसाठी’ म्हणून विकली नाही. चांगले सोलाणे म्हणून विकली आणि सगळ्यांनीच घेतली. वयामुळे येणारी अडचण वस्तूत सोडवायची, पण ग्राहकाच्या कपाळावर वय चिकटवायचे नाही, हे त्या मुठीला साधले होते.

आपल्याकडच्या जाहिरातींत नेमके उलटे घडताना दिसते. वस्तू तशीच राहते आणि मजकूर मात्र वयाचा पाढा वाचतो. हे कसे होते ते पाहायला श्रवणयंत्राची एक जाहिरात घेऊ. ती नमुना म्हणून मीच रचली आहे, पण तिच्यातली एकेक ओळ वाचकांनी कुठे ना कुठे वाचलेली असेल.

वर मोठी हेडलाइन: ‘आजी-आजोबा, आता ऐका नातवंडांचे बोबडे बोल!’ खाली फोटो. कानामागे हात धरलेल्या, गोंधळलेल्या चेहऱ्याच्या आजी आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून वाकलेली पांढऱ्या कोटातली हसरी तरुणी. मग मजकूर: ‘वापरायला इतके सोपे, की तुम्हालाही जमेल! आता मुलांवर ओझे नको.’ कोपऱ्यात ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’, त्यावर एक तारांकन, आणि तारांकनाचा खुलासा तळाशी फिकट राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत. शेवटी ‘मुलांनो, आजच फोन करा.’

हेडलाइनपासून सुरुवात करू. रस्त्यात भेटलेल्या अनोळखी बाईंना मावशी म्हणणे ही आपली रीत आहे आणि तिच्यात जिव्हाळा असतो. पण छापील जाहिरातीतली कंपनी परस्पर नातू होऊन बसते, तेव्हा समोरच्या माणसाची बाकीची सगळी ओळख पुसली जाते. ६४ वर्षांच्या, अजून रोज दुकान उघडणाऱ्या माणसाला नातवंडांखेरीज ऐकण्यासारखे पुष्कळ असते: गिऱ्हाइकाचा भाव, बँकेतून आलेला फोन, सोसायटीच्या सभेतला वाद. शिवाय तो स्वतःला आजोबा समजतच नसतो. चाळिशी उलटलेली माणसे स्वतःला खऱ्या वयापेक्षा साधारण २० टक्क्यांनी तरुण मानतात, असे रुबिन आणि बर्न्टसेन या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या अभ्यासात दिसले. म्हणजे सत्तरीतला माणूस मनाने छप्पन्नच्या आसपास असतो. वाकलेल्या आजींचा फोटो पाहून तो म्हणतो, ‘ही जाहिरात आईच्या कामाची होती,’ आणि पान उलटतो.

यावर उतारा म्हणून काही एजन्सी दुसऱ्या टोकाला जातात. सत्तरीचा माणूस पॅराशूटमधून उडी मारतो आणि खाली लिहिलेले असते, ‘वय हा फक्त आकडा!’ हाही वयाचाच जप झाला. ‘या वयातही तुम्ही मोबाइलवरून पैसे पाठवता!’ असे कौतुक करणाऱ्याने, या वयाच्या माणसाकडून आपली अपेक्षा किती कमी होती, तेच सांगितलेले असते.

मग हेडलाइन कशी असावी? त्यासाठी त्या माणसाला नेमका काय त्रास होतो ते माहीत हवे. वयानुसार ऐकू कमी येते तेव्हा बहुतेकदा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने त्या पट्टीत असतात, स्वर खालच्या पट्टीत. त्यामुळे बोलणे ऐकू येते, पण शब्द निसटतो. लग्नाच्या हॉलमध्ये, मालिकेतल्या पार्श्वसंगीताखाली आणि फोनवर हे जास्त जाणवते. घरचे ओरडून बोलतात, त्याचा उपयोग फारसा होत नाही आणि भांडणे मात्र होतात. ज्याला हे रोज भोगावे लागते त्याच्यासाठी हेडलाइन अशी होईल: ‘आवाज येतो, पण शब्द नीट कळत नाही?’ तिच्यात वय कुठेच नाही. पन्नाशीतला माणूसही थांबून वाचेल आणि पंच्याऐंशीच्या बाईंनाही, आपल्याला काय होते ते या लोकांना ठाऊक आहे, असे वाटेल.

‘तुम्हालाही जमेल’ ही ओळ काढून टाकावी, तिच्या जागी दुसरी शोधू नये. सोपेपणा दाखवायचाच असेल तर तो आकड्यांत आणि कृतीत दाखवावा: यंत्र रात्री डबीत ठेवले की चार्ज होते, बटण एकच आहे. ‘ओझे’ ही ओळ तर क्रूर आहे. माणसाला आधी अपराधी वाटायला लावायचे आणि मग त्याची सुटका विकायची, हा धंदा मला मान्य नाही. आणि अपराधीपणाने घेतलेले यंत्र टेबलाच्या खणात जाते.

खणाची गोष्ट गंभीर आहे, कारण विकत घेणे आणि वापरणे यांत मोठे अंतर असते. केंब्रिजमधल्या नव्वदीपुढच्या माणसांच्या पडण्याविषयीचा फ्लेमिंग आणि ब्रेन यांचा अभ्यास २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पडल्यावर मदत बोलावता यावी म्हणून अनेकांकडे गळ्यात घालायचे बटण होते, तरी बराच वेळ जमिनीवर पडून राहिलेल्या बहुतेकांनी ते वापरलेच नव्हते. काहींना त्याचा उपयोगच पटला नव्हता, काहींना ते घालायची सवय लागली नव्हती, आणि काहींनी पडल्यावरही ते न दाबण्याचे ठरवले होते. ‘मुलांनो, आजच फोन करा’ असे सांगणारी जाहिरात मुलाला पटवते, पण कान मुलाचे नसतात. मुलगा पैसे देणार असेल तर त्याच्यासाठी वेगळी जाहिरात करावी, आणि तिच्यातही ‘आईसाठी घ्या’ऐवजी ‘आईबरोबर चाचणीला या’ असे म्हणावे.

आता खालचा मजकूर. ‘म्हाताऱ्या माणसांना जास्त सांगू नका, त्यांचा गोंधळ उडतो’ हे एजन्सीत नेहमी ऐकू येणारे वाक्य आहे आणि ते चुकीचे आहे. घराचे कर्ज फेडलेली, मुलामुलींची लग्ने केलेली, विम्याचे कागद वाचून सही केलेली ही माणसे आहेत. एवढी मोठी खरेदी करताना त्यांना माहिती हवी असते. सांगितलेली किंमत एका कानाची की दोन्ही कानांची? चाचणी कोण करणार, आणि तो ऑडिओलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला आहे का? घरी वापरून पाहायला किती दिवस मिळतील? यंत्राची जुळणी बदलायला पुन्हा यावे लागले तर पैसे पडतील का? पावसाळ्यातल्या दमट हवेचे आणि घामाचे काय? आणखी एक गोष्ट जाहिराती दडवतात, ती म्हणजे सुरुवातीचे काही आठवडे स्वतःचाच आवाज विचित्र वाटतो आणि भांड्यांचा खणखणाट नकोसा होतो. हे आधीच सांगितले तर माणूस घाबरत नाही. न सांगितले तर चौथ्या दिवशी तो यंत्र काढून ठेवतो आणि ‘फसवले’ म्हणतो.

तळाच्या मुंगीएवढ्या अक्षरांबद्दल बोलायचे तर डोळ्यांची बाजू समजून घ्यायला हवी. वयानुसार बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. राखाडी कागदावरचा राखाडी मजकूर, फोटोवर चढवलेली अक्षरे, निळ्यावर हिरवे, हे सगळे त्यामुळे वाया जाते. पांढऱ्यावर काळे आणि किमान बारा पॉइंट हा माझा नियम आहे. देवनागरीत मात्रा आणि रफार यांना जागा लागते, म्हणून दोन ओळींतले अंतरही जरा जास्त ठेवावे. सवलतीची अट सवलतीइतक्याच ठळक अक्षरांत द्यावी. रेडिओवर फोन नंबर सांगताना खालचे संगीत बंद करून तो दोनदा सांगावा. मात्र हे सगळे मुकाट्याने करायचे. ‘खास ज्येष्ठांसाठी मोठी अक्षरे’ असे छापले की ऑक्सोची मूठ सोडून आपण हाइन्झच्या डब्याकडे गेलो.

आवाजातही तीच चूक होते. १९८१ साली लिंडा कॅपोरेल यांनी शुश्रूषागृहातल्या वृद्धांशी सेविका बोलत असतानाचे ध्वनिमुद्रण तपासले. शब्द कळणार नाहीत अशा रीतीने ते ऐकवले, तेव्हा त्यातले लाडिक बोलणे आणि लहान मुलांशी केलेले बोलणे ऐकणाऱ्यांना वेगळे ओळखता आले नाही. पुढे सुझन केम्पर यांनी अशा बोलण्यातले काय उपयोगी पडते ते तपासले. गुंतागुंतीची वाक्ये सुटी करणे आणि तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगणे यांनी समजायला मदत होते. आवाज चढवणे, अतिसंथ बोलणे, वाक्यांचे तुकडे पाडणे यांनी होत नाही. रेडिओची संहिता लिहिणाऱ्याने आणि फोन उचलणाऱ्यांना शिकवणाऱ्याने एवढे जरी पाळले तरी पुष्कळ झाले.

वयाचा उल्लेख कधीच करू नये, असे मात्र नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साधारणपणे साठ वर्षे ही अटच आहे, मुदत ठेवीवर जादा व्याज वयामुळेच मिळते. तिथे वय अट म्हणून सरळ लिहावे, त्याभोवती सूर्यास्ताचा फोटो आणि ‘आयुष्याची संध्याकाळ’ नको. वयावरून कुणाची टिंगल करू नये, हे जाहिरातींच्या स्वनियमनाच्या संहितेतही आहे, पण गोड बोलून कमी लेखणाऱ्या जाहिराती त्या चाळणीतून सहज निसटतात. त्यामुळे ही तपासणी एजन्सीतच व्हायला हवी.

ती अवघड नाही. छापण्यापूर्वी जाहिरात साठ ते ऐंशीच्या दरम्यानच्या पाच-सहा जणांना एकेकट्याने दाखवावी. ‘आवडली का?’ असे विचारू नये, भिडेखातर सगळे ‘छान आहे’ म्हणतात. ‘ही कोणासाठी आहे?’ आणि ‘हे वाचून तुम्ही आणखी काय विचाराल?’ हे दोनच प्रश्न विचारावेत. ‘माझ्या थोरल्या बहिणीसाठी’ असे उत्तर आले तर हेडलाइन आणि फोटो बदलावे. किंमत विचारली गेली तर किंमत छापावी. आणि जाहिरातीतल्या नंबरावर स्वतः एकदा फोन करून पाहावा. पलीकडून ‘घरात आणखी कोणी आहे का, त्यांना फोन द्या ना’ असे उत्तर येत असेल, तर जाहिरात छापण्याआधी ते दुरुस्त करून घ्यावे.